'इको-फ्रेंडली' मखर विकताय? आधी ते परत घ्यायला शिका!

गणपतीच्या सीझनमध्ये मखराचा धंदा करायचाय, असं बरेच जण विचारतात. त्यावर माझं मत स्पष्ट आहे. फक्त 'पर्यावरणपूरक' लेबल लावलेलं मखर विकू नका. पुढच्या वर्षीही चालेल असं विका, आणि ते सांभाळायचे पैसे घ्या.

हे मी चूक करून शिकले. 2018 मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. त्यानंतर एका वर्षी मी होलसेलवाल्याकडून फोम शीटची मखरं आणली. खोक्यावर 'इको-फ्रेंडली' छापलेलं होतं, आणि मीही तसंच सांगून विकली. विसर्जनानंतर एक काकू दुकानात आल्या. "अगं, हे ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण फोम शीट म्हणजे प्लास्टिकच. सनबोर्डही बहुतेक वेळा प्लास्टिकचाच असतो.

तेव्हापासून माल घेताना मी एक तुकडा फाडून बघते. साधा पुठ्ठा फाटला की कडेला धागे दिसतात. चकचकीत पुठ्ठा फाडताना वरून पातळ पापुद्रा ताणला गेला, तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे. असा पुठ्ठा रद्दीवालाही सहसा घेत नाही. चमकीसुद्धा बहुतेक प्लास्टिकचीच असते.

मग विकायचं काय? मी लाकडी पट्ट्यांची घडीची फ्रेम आणि त्यावर सुती खणाचा पडदा देते. मूर्ती एक फुटाची असेल तर आतली उंची किमान दीड फूट ठेवा, म्हणजे वर हार घालायला हात जातो. फ्रेम नट-बोल्टने जोडा आणि पडदा नाड्यांनी बांधा. गोंद किंवा स्टेपलर वापरलात तर पडदा धुता येत नाही आणि सगळं गणित तिथेच फसतं. फ्रेमची घडी पलंगाखाली मावली पाहिजे. फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसली की चांगलं मखरही कचऱ्यात जातं.

आता तुमच्या मनातला प्रश्न: "एकदा मखर घेतलं की गिऱ्हाईक परत कशाला येईल?" शंका बरोबर आहे. कमी कचरा म्हणजे कमी विक्री, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. म्हणून मी पडदा बदलून देते. पितृपक्षात दुकान थंड असतं, तेव्हा लोक पडदा आणून देतात. मी धुऊन, दुरुस्त करून ठेवते. पुढच्या वर्षी 200 रुपये देऊन ते वेगळ्या रंगाचा धुतलेला पडदा नेतात.

एक उदाहरण मांडू या. समजा पुठ्ठ्याचं मखर तुम्हाला 500 ला पडतं आणि 800 ला विकता. तीन वर्षांत तुमचे सुटतात 900, गिऱ्हाइकाचे जातात 2,400. कापडी मखर 1,100 ला पडतं आणि 1,800 ला विकता, म्हणजे पहिल्या वर्षी 700. पुढची दोन वर्षं प्रत्येकी 200 येतात, त्यात धुण्या-इस्त्रीचे 80 गेले की 120 उरतात. एकूण 940. तुमची कमाई जवळपास तीच, गिऱ्हाइकाचे 200 वाचले आणि तीन मखरं कचऱ्यात गेली नाहीत.

पण पहिल्या वर्षी भांडवल दुपटीहून जास्त लागतं. तीस मखरांना 15,000 च्या जागी 33,000. म्हणून आषाढातच एक नमुना मांडा, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि तेवढीच बनवा. एखाददुसरं उरलं तरी कापड पुढच्या वर्षी चालतं. पुठ्ठा मात्र पावसाळी हवेत वाकतो.

दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, खणाचा रंग जातो. ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून बघा. फडकं रंगलं तर तो पडदा वेगळा, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. दुसरी, कांजी करून ठेवू नका, कसर लागते. थोडा जरी दमट पडदा घडी केला तरी बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

आणि हो, समई पडद्यापासून हातभर लांब ठेवा, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगायचंच. कापड आहे ते, पेट घेतं.

त्या काकू आता दर पितृपक्षात पडदा घेऊन येतात. ओला की सुका, हा प्रश्न आता येत नाही. तुमच्या गावात पडदा बदलायला लोक 200 रुपये देतील का? आधी दहा घरी विचारा आणि काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.