नादखुळा, पण स्पेलिंग काय?

गाणी तीन बसली, ड्रमर मिळाला, गॅदरिंगला स्लॉटही मिळाला. आता बँडचं नाव अडलंय, बरोबर? मग आपल्या तोंडातलाच एक शब्द घेऊन बघा : नादखुळा.

अर्थाला तोड नाही. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेडसुद्धा. पण अर्थ कोल्हापुरात समजावा लागत नाही, तेवढ्यानं भागत नाही. हे नाव बाहेरचा अँकर माईकवर कसं घेणार? हिंदीत बोलणाऱ्याच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘खुळा’चं ‘खुला’ होऊन बसतं. वेडाचं उघडं झालं! बेळगाव-हुबळीकडे मात्र ही अडचण नाही, कारण कन्नडमध्ये ‘ळ’ आहेच. म्हणजे पुढं वाजवायला कुठं जायचंय, त्यावर उत्तर बदलतं.

मग पोस्टर. देवनागरीत चारच अक्षरं, वर सलग शिरोरेषा. लांबूनही ठसठशीत दिसतं. धोका ‘ख’चा. फाँट चुकला तर ‘ख’ चा ‘रव’ वाचला जातो. म्हणून फ्लेक्स छापण्याआधी नाव कागदावर काढा, दहा पावलं मागं जा आणि नाव माहीत नसलेल्याला वाचायला लावा. रोमनमध्ये तर Nadkhula, Naadkhula, Nadkhulaa अशी तीन रूपं होतात. पोस्टरवर एक आणि इन्स्टाला दुसरं असेल, तर शोधणारा पोचणार कसा? त्यात हा शब्द रोजचा, सर्चमध्ये आधी भलतंच येणार.

पुण्याच्या ‘अग्नी’ बँडकडे बघा. ते रोमनमध्ये Agnee असं लिहितात. Agni टाकलं तर क्षेपणास्त्रही येतं. शेवटच्या दोन e मुळे बँड वेगळा ओळखू येतो. अर्थ तोच, उच्चार तोच, फरक फक्त दिसण्यात.

‘नंतर बदलू की’ असं कुणीतरी म्हणेलच. बदलता येतं. मुंबईचा ‘रॉक मशीन’ १९८४ मध्ये सुरू झाला आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. पण तोवर जुन्या नावानं अल्बम निघालेले होते. जेवढं जास्त वाजवाल, तेवढं बदलणं महाग.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. अर्थावरून रात्रभर भांडू नका. पोस्टरखाली अर्थ सांगायला कुणी उभं राहत नाही. आधी उच्चार, मग स्पेलिंग, मग पोस्टर आणि या तिन्हीतून जे उरेल त्यात अर्थ निवडा. परगावच्या मित्राला फोन करून नाव एकदाच सांगा आणि त्याला ते रोमनमध्ये टाइप करून पाठवायला लावा. तुमचं स्पेलिंग आलं तर नाव पक्कं. ‘नादखुळा’ ठेवायचंच असेल, तर एक स्पेलिंग आज ठरवा, सर्चमध्ये वेगळं दिसायला पुढं एखादा शब्द जोडा आणि पोस्टरवर नाव देवनागरीतच मोठं घ्या.