खिळा उपटू नका

ट्यूबलेस टायरात खिळा दिसला की हात शिवशिवतात. पण पंक्चरवाला गाठेपर्यंत तो उपटू नये, भोकाला बूच त्याचंच असतं. पंक्चरवाला खिळा काढतो, टोच्याने भोक खरवडतो, सोल्युशन लावलेली चिकट दोरी आत सारतो, शेपूट कापतो आणि थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतो. चाक खोलायचं कामच नाही. तरी माझ्या जुन्या गाडीची तारांची चाकं मी बदलणार नाही. तारांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून तिथे ट्यूब लागते, कबूल; पण खड्ड्यात रिम थोडी वाकली तर तारा आवळून सरळ होते. अलॉयची कड चेपली की टायर तिथे नीट बसत नाही, आणि खिळा नसतानाही रोज सकाळी हवा कमीच.