न दुखणारा पांढरा डाग

अकोल्याच्या बाजारात हमाली करणारे आमच्या नात्यातील एक भाऊ गेल्या उन्हाळ्यात अमरावतीला आमच्या घरी जेवायला बसले. भाजीचा पहिला घास घेताच त्यांनी डोळे मिटले आणि पाण्याचा गिलास तोंडाला लावला. वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, मी ह्यांच्यासाठी बिनतिखटाची भाजी वेगळी काढतो." आम्ही विचारले, "भाऊ, तोंडात दुखते काय?" ते म्हणाले, "दुखत काहीच नाही, नुसती आग होते."

नेमके हेच वाचकांनी लक्षात घ्यावे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि दुखू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

भाऊ दिवसाला आठ-दहा खर्रे खात. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटलेला. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावरचा खर्रा काही थांबला नाही. तंबाखूने कर्करोग होतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु नुसत्या सुपारीनेही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. म्हणून तंबाखू सोडून साधी सुपारी धरली, तर सुटका होत नाही.

आम्ही भाऊंना अंगणात उजेडात बसविले. उभी तीन बोटे तोंडात घालावयास सांगितली, तर दोनच गेली. मग डावा गाल बोटाने बाहेर ओढला. ते ज्या ठिकाणी खर्रा दाबून ठेवीत, तेथेच रुपयाएवढा पांढरा डाग होता. ओल्या फडक्याने पुसला, पण निघाला नाही.

अशी तपासणी घरच्या घरी महिन्यातून एकदा करता येते. हात धुऊन, चूळ भरून आरशापुढे उजेडात उभे राहावे. कवळी असल्यास काढून ठेवावी. ओठ उलटे करून हिरड्या पाहाव्यात, नंतर दोन्ही गाल आतून पाहावेत. जीभ फडक्यात धरून दोन्ही बाजूंच्या कडा पाहाव्यात, जीभ टाळूला लावून खालची जागा पाहावी, मग टाळू पाहावा. शेवटी बोट फिरवून कुठे गाठ किंवा जाड भाग लागतो का, ते पाहावे आणि जबड्याखाली गळाही चाचपावा. पुसून न निघणारा पांढरा डाग, मखमलीसारखा लाल डाग किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास डॉक्टरला दाखवावे. यात लाल डाग अधिक धोक्याचा. मिसरी लावणाऱ्या आयाबहिणींनीही ही तपासणी करावी.

प्रत्येक डाग कर्करोगात जात नाही, पण कोणता जाईल हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी डागाचा लहानसा तुकडा काढून तपासतात. "तुकडा काढला की रोग पसरते," असे म्हणून भाऊ महिनाभर टाळत राहिले. ही समजूत खोटी आहे. अखेर सरकारी दवाखान्यात दंतविभागात तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, परंतु पेशी बिघडू लागल्या होत्या. डाग काढून टाकला. आता दर तीन महिन्यांनी दाखवावयाचे आहे. डाग पुन्हा येऊ शकतो, आणि ताठ झालेला गाल पूर्ववत होत नाही.

खर्रा सोडणे भाऊंना जड गेले. त्यांनी एक तारीख ठरविली आणि आदल्या रात्री खिशातली पुडी टाकून दिली. पहिले तीन दिवस डोके दुखले, चिडचिड झाली, झोप उडाली. हा त्रास तंबाखूतील निकोटिन तुटल्याचा असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफ काही मिनिटेच टिकते, तेवढ्यात ते पाणी पीत, सोप-लवंग चघळत. सकाळच्या चहानंतरची तलफ सर्वांत वाईट, म्हणून चहा झाला की लगेच कामाला लागत आणि पानठेल्यावरून जाणारा रस्ता सोडून दुसऱ्याने जात.

निकोटिनची गोळी चघळायचीही मिळते, पण ती खर्र्यासारखी चावायची नसते. चार-सहा वेळा चावून झिणझिणी आली की गालात ठेवावी, झिणझिणी गेली की पुन्हा चावावी, असे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. भाऊंचे तोंड नीट उघडत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना कातडीवर लावायची पट्टी दिली. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

दीड महिन्याने एका लग्नात भाऊंनी पुन्हा खर्रा खाल्ला. "आता सारं गेलं," म्हणून ते खचले. वहिनी म्हणाल्या, "एक खाल्ला, दुसरा नका खाऊ." दुसरा त्यांनी खाल्ला नाही. परवा ते पुन्हा आमच्याकडे जेवून गेले. भाजी त्यांना अजून बिनतिखटाचीच लागते.