कानपिळीचा हात

या अंकातली कथा बीड जिल्ह्यातल्या एका लग्नमांडवात घडते. वैशाखाचं ऊन, आणि नवरीचा भाऊ पूर्ण बाह्यांच्या शर्टात घामाघूम. दोन्ही हातांवर कोड आहे. कानपिळीला नवरदेवाचा कान धरायचा, पंगतीत बुंदी वाढायची, म्हणजे सगळ्यांच्या नजरा त्याच हातांवर. तो बाह्या दुमडतो, तिथून आम्हाला ही कथा आपली वाटली.

लग्नसराईच्या तोंडावर ती छापतोय, कारण स्थळं अजूनही ‘घरात कोड आहे’ म्हणून मोडतात, आणि भावाचे डाग बहिणीला भोवतात. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. ते कुष्ठ नाही, स्पर्शाने किंवा वाढलेल्या अन्नातून पसरत नाही. घराण्यात थोडी प्रवृत्ती असू शकते, पण बहुतेकांच्या जवळच्या नात्यात दुसऱ्या कुणाला कोड नसतं. भर उन्हात मात्र बाह्या हव्यातच, डागांवरची त्वचा लवकर भाजते. म्हणून कथेतला भाऊ त्या मांडवाच्या सावलीत दुमडतो, हे लेखकाने नेमकं टिपलंय.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावे घेते. तुमच्या गावच्या पंगतीत काय घडतं? आम्हाला लिहा.