वय ३६५ ने भागून काढू नका

मागच्या उन्हाळ्यात एका कार्यकर्तीने मला किशोरवयीन मुलींची यादी दाखवली. एका मुलीचा जन्म १ जून २००७ चा आणि लग्नाची तारीख २८ मे २०२५. शेजारच्या रकान्यात वय होतं १८. "सर, पूर्ण आहेत," ती म्हणाली. पूर्ण नव्हती, चार दिवस कमी होते.

यादीतलं सूत्र असं होतं:

```
=INT((C2-B2)/365)
```

B2 म्हणजे जन्मतारीख, C2 म्हणजे लग्नाची तारीख. दोन्हींमधले दिवस ६५७१. त्याला ३६५ ने भागलं की १८.००२ येतात आणि अपूर्णांक काढला की १८. पण या अठरा वर्षांत २००८, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ ही पाच लीप वर्षं येतात. खरा अठरावा वाढदिवस ६५७५ व्या दिवशी, म्हणजे १ जूनला. यादीने तिला २७ मे रोजीच सज्ञान केलं!

"चार-पाच दिवसांनी काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यांना मी सांगतो की आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख किती मुलांची असते ते बघा. आणि मे महिना हा लग्नसराईचा. पाथर्डी-शेवगावकडे ऊसतोडीहून परतलेल्या घरांत लग्नं याच दिवसांत उरकली जातात. म्हणजे चूक नेमकी जिथे नको तिथेच पडते.

डॉक्टरांचंही यात अडकतं. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीच्या गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. संगणकाने १८ दाखवलं म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

काहीजण हुशारीने ३६५.२५ ने भागतात. तेही चूक. १० मार्च २००८ ला जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला अठरा वर्षांत चारच लीप दिवस येतात. अठराव्या वाढदिवशी दिवस होतात ६५७४ आणि भागाकार येतो १७.९९८. म्हणजे वाढदिवसालाच ती १७ ची! वय वाढेल तशी ३६५ ची चूकही वाढते. सत्तरीच्या आजोबांना हे सूत्र १७-१८ दिवस आधीच सत्तर पूर्ण झाल्याचं सांगतं.

वय म्हणजे दिवसांचा भागाकार नव्हे, ते वाढदिवसांची मोजणी आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्यातही अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच व्यक्ती सज्ञान होते, असंच आहे. हाताने करताना साल वजा करा, आणि त्या सालचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी करा. संगणकात हे लिहा:

```
=DATEDIF(B2,C2,"Y")
```

तुमची जुनी यादी तपासायची असेल तर एका ओळीत जन्म १ जून २००७ आणि तारीख ३१ मे २०२५ टाका. उत्तर १७ यायला हवं. १८ आलं, तर त्या यादीवरून कुणालाही "लग्नाचं वय झालं" असं सांगू नका.