नातवाची नोंदवही

घरातील चार-साडेचार वर्षांच्या नातवाविषयी बोलताना आपण आजी-आजोबा सहसा विशेषणे वापरतो. तो हट्टी आहे, लाजाळू आहे, फार हुशार आहे, त्याचे कशात लक्षच नसते. ही विशेषणे म्हणजे आपण दिलेले निकाल असतात आणि निकालावरून वैद्याला फारसे काही हाती लागत नाही. मुलाने काय केले, कोठे केले, त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते, एवढे कोणी लिहून ठेवले असेल तर मात्र त्या कागदातून पुष्कळ काही वाचता येते. चांगल्या बालवाड्यांतील ताई अशा नोंदी ठेवतात. त्यांना प्रसंगनोंदी म्हणतात. त्यांच्या जोडीला मुलाची चित्रे, कातरकाम, गिरवलेले आकार असे कामाचे नमुने तारीख घालून जपले जातात. अशाच एका नोंदवहीची हकिगत आज आपल्यापुढे ठेवतो.

मुलगा छोट्या शिशू वर्गातला. जूनमध्ये त्याचे वय चार वर्षे चार महिने होते. आई-वडील दोघेही नोकरीवर, म्हणून दिवसभर आजीजवळ. शाळेतून पहिल्याच महिन्यात निरोप आला की मुलगा सूचना पाळत नाही, एकाग्रता कमी दिसते. घरीही मत तेच होते, फक्त शब्द ‘हट्टी’ असा होता. वर्गातील ताईंनी मात्र आपले मत तेथेच थांबवले नाही. त्यांनी या मुलासाठी एक शंभर पानी वही घातली आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत तिच्यात सतरा प्रसंग लिहिले. सतरा ही संख्या तुम्हाला लहान वाटेल; पण आठवड्याला एक, क्वचित दोन नोंदी एवढेच प्रमाण योग्य असते. रोज लिहू म्हणणारे पंधरवड्यात लिहिणे सोडतात, असा अनुभव आहे.

त्या वहीतील काही नोंदी ताईंच्या आणि आजींच्या संमतीने येथे देतो.

२ जुलै, सकाळी ९.४०, गोष्टीची वेळ. ‘मी मागून दोनदा नावाने हाक मारली. वळला नाही. शेजारच्या मुलीने खांद्याला हात लावला तेव्हा वळून “काय?” म्हणाला.’

१८ जुलै, सकाळी ११.१५, बाहेर जोराचा पाऊस. ‘सर्वांना सांगितले, चपला रांगेत ठेवा. हा उभा राहिला. दोन मुले चपलांकडे गेली तशी त्यांच्यामागे गेला आणि आपली चप्पल नीट रांगेत ठेवली. सर्दी आहे.’

३० जुलै, सकाळी १०. ‘ठोकळ्यांचा पूल बांधत होता. दोनदा पडला, तिसऱ्यांदा खाली रुंद ठोकळा घेतला. वीस मिनिटे जागचा हलला नाही.’

२१ ऑगस्ट, सकाळी १०.३०, चित्रकार्डे. ‘मी फळ्याकडे तोंड करून “ताट” म्हटले. त्याने पाटाचे चित्र उचलले. समोर बसून पुन्हा म्हटले, तेव्हा ताट उचलले.’

या चार नोंदींत ‘हट्टी’ हा शब्द कोठेही नाही, ‘एकाग्रता’ हाही नाही. तारीख, वेळ, जागा, घडलेली गोष्ट, मुलाचे शब्द त्याच्याच तोंडचे, बस्स. ताईंना काही वाटले असेल तर ते समासात, वेगळ्या शाईने. ही शिस्त वरवर क्षुल्लक दिसते, पण सगळी मदार तिच्यावर आहे. ‘आज ऐकले नाही’ असे ताईंनी लिहिले असते, तर पाऊस, फळ्याकडे वळलेले तोंड आणि सर्दी हे तिन्ही तपशील कायमचे हरवले असते. नोंद त्याच दिवशी लिहावी लागते, याचेही कारण हेच. दोन दिवसांनी प्रसंग आठवतो, पण त्याच्या कडेची परिस्थिती आठवत नाही.

आता कामाचे नमुने पाहू. ताईंनी दर महिन्याच्या अखेरीस मुलाला एकच काम दिले होते: ‘एक माणूस काढ.’ जूनमधील माणूस म्हणजे मोठे वर्तुळ, दोन डोळे आणि वर्तुळालाच जोडलेले दोन लांब पाय. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुले असाच माणूस काढतात. त्यात काळजीचे काही नाही. जुलैत डोक्यातून हात फुटले. ऑगस्टमध्ये डोके आणि पाय यांच्यामध्ये पोट आले आणि पोटावर बटण. सप्टेंबरच्या अखेरीस केस, तोंड आणि हाताला बोटे आली. एका हाताला सहा, दुसऱ्याला चार. कान मात्र एकाही चित्रात नव्हते. आजींनी हे मोठ्या गांभीर्याने माझ्या निदर्शनास आणले. परंतु या वयाची पुष्कळ मुले कान गाळतात, त्यावरून काही अनुमान काढू नये. आकारांचेही तसेच. अधिकचे चिन्ह त्याला जूनमध्येच जमत होते आणि सप्टेंबरमध्ये चौकोनाला चार खरे कोपरे आले. जुलैत तो सरळ रेघेवर कातरत होता, सप्टेंबरमध्ये वळणावरही कातरू लागला.

हे नमुने उपयोगी पडले ते दोन गोष्टींमुळे. एक, ते निवडलेले नव्हते. घरी आपण सुंदर चित्र भिंतीला लावतो आणि बाकीची रद्दीत घालतो. मग उरते ती प्रगती नव्हे, प्रदर्शन. दुसरे, त्यांना मोठ्यांचा हात लागला नव्हता. आईने गिरवून दिलेला चौकोन आईचा असतो. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख होती आणि मुलाने चित्राविषयी जे सांगितले ते लिहिलेले होते. सप्टेंबरच्या कागदामागे होते, ‘हे आबा आहेत, पेपर वाचतात.’

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजी ही वही आणि कागदांची पिशवी घेऊन दवाखान्यात आल्या. सतरा नोंदींपैकी तोंडी सूचनेविषयीच्या होत्या नऊ. या नऊपैकी सात वेळा मुलाने प्रतिसाद दिला नव्हता किंवा चुकीचा दिला होता, आणि सातही वेळा बोलणाऱ्याचे तोंड त्याला दिसत नव्हते किंवा वर्गात गलबला होता. पाच वेळा शेजारी ‘सर्दी’ लिहिलेले होते. उरलेल्या दोन सूचना समोर बसून दिलेल्या होत्या. त्या त्याने लगेच पाळल्या. ठोकळे, मणी, कातरकाम यांच्या नोंदींत चिकाटी स्पष्ट दिसत होती आणि चित्रे वयानुसार पुढे सरकत होती. ज्या मुलाची बुद्धी आणि हात वयाप्रमाणे चालतात, जे वीस मिनिटे एका कामात रमते, पण पाठीमागची हाक ज्याला कळत नाही, त्याच्या स्वभावाकडे नव्हे, कानाकडे पाहावे लागते.

दुर्बिणीतून पाहिले तर दोन्ही कानांचे पडदे निस्तेज आणि किंचित आत ओढलेले होते. पडद्यामागे द्रव साठल्याची ही खूण. सर्दीनंतर नाक आणि मधला कान यांना जोडणारी नळी बंद राहिली की मधल्या कानात पाणी साचते. लहान मुलांत ही नळी अरुंद आणि आडवी असते, म्हणून त्यांना हे वारंवार होते. यात ठणका नसतो, ताप नसतो, कान वाहत नाही. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ऐकू येणे पूर्ण बंदही होत नाही. कानात बोट घालून ऐकावे तसे सारे दबके येते आणि ‘त’, ‘प’, ‘स’ यांसारखे हलके ध्वनी निसटतात. ताटाचा पाट होतो तो असा. शिवाय हे दिवसागणिक कमी-जास्त होते. सप्टेंबरमधील एका नोंदीत मुलगा मागून मारलेल्या पहिल्याच हाकेला वळला होता. अशा एखाद्या दिवसावरून घरचे म्हणतात, ‘मनात असले की बरोबर ऐकतो.’

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याची तपासणी झाली. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, अशा खेळातून या वयाच्या मुलाची श्रवणचाचणी होते. दोन्ही कानांची श्रवणमर्यादा सुमारे तीस डेसिबल निघाली आणि पडद्याची हालचाल मोजणारा आलेख सपाट आला. तज्ज्ञांनी तीन महिने थांबायला सांगितले. हा सल्ला ऐकून आजी नाराज झाल्या. पण तो शास्त्राला धरून आहे. बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरते आणि प्रतिजैविके किंवा सर्दीची औषधे दिल्याने ते लवकर जात नाही. दोन्ही कानांत ते टिकून राहिले आणि ऐकणेही कमी राहिले, तरच पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. कोमट तेल, लसणीचे तेल यांतले काहीही कानात घालू नये, हे येथे स्पष्ट सांगतो. पाणी पडद्याच्या आत आहे. बाहेरून घातलेले तेल तेथे पोहोचतच नाही.

त्या तीन महिन्यांत ताईंनी त्याला पुढच्या ओळीत, भिंतीच्या बाजूला बसवले आणि त्याच्याशी समोरून, आधी नाव घेऊन बोलू लागल्या. घरी मिक्सर किंवा दूरदर्शन चालू असताना सूचना देणे आजींनी थांबवले. वही आता त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. अक्षर मोठे, एका पानावर एकच प्रसंग.

अशी वही घालायची असेल, तर एक धोका ध्यानात ठेवा. मुलाविषयी मनात शंका आली की आपण फक्त शंकेला पुष्टी देणारेच लिहितो. ठोकळ्यांच्या पुलाची नोंद या वहीत नसती, तर नुसत्या तक्रारी उरल्या असत्या आणि मलाही कदाचित ‘एकाग्रता नाही’ एवढेच दिसले असते. म्हणून वेगवेगळ्या वेळचे लिहा: जेवताना, खेळताना, पाहुणे असताना, एकटा असताना. शेजारच्या मुलाशी तुलना लिहू नका; या नातवाचा जून आणि याच नातवाचा सप्टेंबर एवढीच तुलना पुरे. वही कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, ती मुलाची खाजगी गोष्ट आहे. आणि नोंदींवरून निदान घरी करू नका. ‘हाकेला वळत नाही’ या एकाच नोंदीमागे अनेक कारणे असू शकतात. मूल येत असलेले शब्द विसरू लागले, नजरेला नजर देईनासे झाले किंवा चौथ्या वर्षीही परक्या माणसाला त्याचे बोलणे कळत नसेल, तर सत्र संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

जानेवारीत त्या मुलाची पुन्हा चाचणी झाली. उजव्या कानाचे ऐकणे पूर्ववत झाले आहे. डाव्या कानात अद्याप थोडे पाणी आहे, पण एक कान चांगला असल्याने तूर्त शस्त्रक्रिया नको, असे ठरले. पुढील तपासणी एप्रिलमध्ये आहे आणि तोवर सर्दीच्या दिवसांवर वहीत लाल पेन्सिलीने खूण करायला मी आजींना सांगितले आहे.