शिल्लक वाढली, टाळ्या वाजवा!

गणपती आटोपले की आमच्या सोसायटीत आणखी एका उत्सवाचे वेध लागतात. मार्चअखेरच्या हिशेबाची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, असा कायदा आहे. त्यामुळे ती नेहमी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमली की कोरम झाला. नाही जमली, तर अर्ध्या तासाने सभा तिथेच पुन्हा भरते आणि मग कोरम लागत नाही. हे सगळ्यांना पाठ असल्याने सगळे अर्ध्या तासानेच येतात. मी मात्र वेळेवर जातो. वेफर्स तेव्हा कुरकुरीत असतात.

यंदा सेक्रेटरींनी स्वागताच्या भाषणातच अहवालाचा सारांश आटोपला. ‘अहवाल आपण वाचलाच असेल,’ असं म्हणून ते हसले आणि आम्हीही हसलो. मग वॉचमनचे आभार झाले, जिन्याच्या रंगाचं कौतुक झालं, दहावी पास झालेल्या मुलीला गुलाबाचं फूल मिळालं. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, ‘आणि मंडळी, बँकेतली शिल्लक गेल्या वर्षी दोन लाख दहा हजार होती, ती आज पाच लाख वीस हजार आहे!’

टाळ्या पडल्या. माझ्या मात्र कपाळावर आठी आली. वाचकांना ती परिचयाची आहे.

आमचे चाळीस फ्लॅट. जमिनीची किंमत सोडून एका फ्लॅटचा बांधकामखर्च कागदोपत्री दहा लाख धरलाय. उपविधींप्रमाणे त्याच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंडाला आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीला, दरवर्षी. म्हणजे फ्लॅटमागे अडीच हजार आणि साडेसात हजार, मिळून दहा हजार. ते मेंटेनन्सच्या बिलातच असतात आणि यंदा सगळ्यांनी भरले. चाळीस घरांचे झाले चार लाख.

आता बघा. या दोन निधींतून यंदा एक पैसाही खर्चायचा नव्हता. रोजचा मेंटेनन्स रोजच्या वर्गणीत भागला असता, तर शिल्लक निदान चार लाखांनी वाढायला हवी होती. वाढली तीन लाख दहा हजारांनी. उरलेले नव्वद हजार पाण्याचे टँकर, वॉचमनचा पगार आणि लिफ्टचा करार यांनी खाल्ले. म्हणजे वर्षभर आम्ही तोट्यात चाललो होतो आणि टाळ्या वाजवत होतो त्या तोट्याला. सिंकिंग फंड हा इमारतीच्या म्हातारपणाचा पैसा. तो वेगळा गुंतवून ठेवायचा आणि मोठ्या दुरुस्तीसाठी, तेही सभेच्या ठरावाने, काढायचा. आमचा मात्र टँकरच्याच बचत खात्यात पडून होता.

हे मी उठून विचारणार, एवढ्यात तळमजल्यावरचे काका उठले. त्यांचा मुद्दा दरवर्षीचाच: ‘मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, मग मी लिफ्टचे पैसे का देऊ?’ वापर असो वा नसो, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांनी तिचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, असं उपविधी सांगतात. काकांना ते ठाऊक आहे. तरी पाचव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘काका, गच्चीवर पापड वाळवायला येता तेव्हा कसे येता?’ काका म्हणाले, ‘जिन्याने.’ ‘गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागितलीत ना आत्ता?’ मग साक्षीदार पुढे आले. वॉचमनलाही बोलावलं गेलं. त्याने दोन्ही बाजूंकडे बघून पंप बंद करायचाय असं सांगितलं आणि तो शहाणा माणूस निघून गेला. पापडांवर सभा अर्धा तास रंगली. हिशेब त्यानंतर दोन मिनिटांत ‘सर्वानुमते मंजूर’ झाले, कारण बाहेर समोसे आले होते.

सेक्रेटरींवर माझा राग नाही. बिनपगारी काम करून शिव्या खाणारा तो सज्जन गृहस्थ आहे, नव्वद हजारही त्याने खिशात घातलेले नाहीत. पाणी महागलं, मेंटेनन्स वाढवायचा विषय काढला असता तर त्याच सभेने त्यांना फाडून खाल्लं असतं. म्हणून शिल्लक वाढल्याचं सांगणं सोयीचं.

तरीही राज्यभरच्या सेक्रेटरींना विनंती आहे. स्वागताच्या भाषणात गुलाब जरूर द्या, पण शिल्लक सांगाल तेव्हा तिचे तुकडे करून सांगा: यातले सिंकिंग फंडाचे किती, दुरुस्तीचे किती, आणि ते बाजूला काढल्यावर रोजच्या खर्चाला उरले किती. थकबाकी असेल तर तीही त्याच दमात सांगा. आणि मंडळी, ते नाही म्हणाले तर समोसा हातात घेण्याआधी तुम्ही विचारा की सिंकिंग फंडाची ठेव पावती कुठे आहे.